डोळ्यांखालचे हायड्रोजेल पॅच: आत काय असतं आणि गारवा किती वेळ टिकतो

लातूरला माझं छोटं पार्लर आहे. त्याआधी बी. फार्म. करून काही वर्षं औषधांच्या दुकानात काढली, त्यामुळे डबीवरची बारीक अक्षरं वाचायची खोड अजून गेलेली नाही. लगीनसराई सुरू झाली की पॅचबद्दलचे तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर प्रश्न ३ आणि ५ आधी वाचा.

१. हायड्रोजेल म्हणजे नेमकं काय? कापडाच्या मास्कपेक्षा वेगळं काय?

घट्ट बसलेली जेली डोळ्यासमोर आणा. मोठमोठ्या साखळीसारख्या रेणूंचं जाळं असतं आणि त्या जाळ्यात पाणी अडकून बसलेलं असतं. पॅचच्या वजनाचा मोठा भाग पाणीच असतो, त्याखालोखाल ग्लिसरीन. जाळं बहुतेक वेळा कॅराजीननचं, म्हणजे लाल समुद्री शेवाळातून काढलेल्या डिंकासारख्या पदार्थाचं असतं. त्याला लवचीकपणा यावा म्हणून कॅरोबच्या बियांचा डिंक घालतात आणि जेली घट्ट बसावी म्हणून थोडं पोटॅशियम क्लोराईड. यादीत ते दिसलं म्हणून घाबरू नका, मिठाच्या जातीचाच क्षार आहे.

कापडाच्या मास्कमध्ये सीरम धाग्यांमध्ये सुटं असतं, त्यामुळे गळतं आणि लवकर वाळतं. हायड्रोजेल पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. त्याचा खरा गुण हा एवढाच, आणि पुढची बहुतेक उत्तरं त्यातूनच निघतात.

२. डबीवर तीस-चाळीस नावं असतात. त्यातली कामाची कोणती?

यादी जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे जाते. मात्र एक टक्क्याच्या आतले घटक कुठल्याही क्रमाने लिहायला मुभा असते. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवण्यासाठीचं रसायन सहसा एक टक्क्यापर्यंतच वापरतात. म्हणून माझी साधी खूण अशी: यादीत ते कुठे आहे ते बघा. त्याच्या मागे लिहिलेलं बहुतेक सगळं चिमूटभरच असतं, मग डबीवर त्याचं चित्र कितीही मोठं छापलेलं असो.

सुरुवातीला पाणी, ग्लिसरीन, ब्युटिलीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल आणि जाळ्याचे डिंक दिसतील. ओलावा देणारी ही खरी मंडळी. मध्यावर नायसिनामाइड, कॅफिन, पॅन्थेनॉल, अलँटॉइन असले तर चांगलं. शेवटी सुगंध, रंग, सोनं आणि फुलांचे अर्क. डोळ्याजवळ लावायच्या वस्तूत मी सुगंध नसलेलीच निवडते. पापणीखालची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, तिला गुलाबाच्या वासाचं काय कौतुक!

३. गारवा खरंच किती वेळ टिकतो? मला तर पाच मिनिटांत काही जाणवत नाही.

तुम्हाला जाणवतं ते बरोबर आहे, पण अर्धंच. पॅचमध्ये दोन वेगळे गारवे असतात आणि ते वेगवेगळ्या वेळी संपतात.

पहिला गारवा फ्रीजमधून उसना आणलेला. मी ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर एक पॅच तोलला, तो १.६ ग्रॅम भरला. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते (आहारातली नव्हे, शाळेतल्या विज्ञानातली). फ्रीजमधला ७ अंशांचा पॅच त्वचेच्या ३३ अंशांना पोचेपर्यंत साधारण ४० कॅलरी शोषतो. एवढीशी उष्णता गाल तीन-चार मिनिटांत देऊन टाकतो. मग फ्रीजचा गारवा संपला.

दुसरा गारवा बाष्पीभवनाचा, म्हणजे आपल्या माठाचा. पॅचच्या वरच्या बाजूने पाणी उडत राहतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळपास ५८० कॅलरी लागतात. एप्रिलमधल्या दुपारी, पंख्याखाली, वीस मिनिटं लावून काढलेला तोच पॅच १.४ ग्रॅम भरला. गेलेलं ०.२ ग्रॅम सगळं उडालं असं धरलं तर सुमारे ११५ कॅलरी झाल्या, फ्रीजच्या गारव्याच्या जवळजवळ तिप्पट. त्यातली सगळी उष्णता त्वचेतून येत नाही, बरीचशी पॅच आजूबाजूच्या गरम हवेतूनही ओढतो. तरी पॅच अंगावर आहे तोवर त्वचा थोडी का होईना गार राहते.

मग जाणवत का नाही? त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या नसा तापमान उतरत असताना जोरात ओरडतात आणि ते एका जागी थांबलं की गप्प होतात. विहिरीत उडी मारल्यावर पहिल्या क्षणाला हुडहुडी भरते आणि मग पाणी बरं वाटायला लागतं, तसंच. खात्री करायची असेल तर पंधराव्या मिनिटाला पॅचच्या वरच्या बाजूला बोट लावा आणि मग कपाळाला लावा. फरक कळेल.

काढल्यावर काय? मागे राहिलेला सीरमचा थर वाळेपर्यंत दोन-चार मिनिटं हलका गारवा राहतो. खालून रक्त वाहतंच असतं, ते त्वचा पुन्हा मूळ तापमानाला आणतं. दहा-पंधरा मिनिटांनंतर गारव्यातलं काही शिल्लक नसतं. ‘दिवसभर थंडावा’ असं डबीवर लिहिलेलं असेल तर ते विसरून जा.

४. उन्हाळ्यात पॅच गारेगार लागतो आणि पावसाळ्यात तोच कोमट. पॅच खराब झाला का?

नाही, हवा बदलली. तुमचा कूलरही जुलैमध्ये कामातून जातो ना, कारण तेच.

ओलं फडकं वाऱ्यात टांगलं तर ते एका ठरावीक तापमानापर्यंतच गार होतं. परभणीच्या रखरखीत दुपारी हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ते फडकं साधारण २२-२३ अंशांपर्यंत उतरतं. पावसाळ्यात हवा ३० अंश पण आर्द्रता ८० टक्के असेल, तर २७ च्या खाली जात नाही. पॅचमध्ये ग्लिसरीन असतं, ते पाणी धरून ठेवतं, आणि खालून त्वचा ऊब देत असते. म्हणून पॅच इतका खाली उतरत नाही. पण उन्हाळा आणि पावसाळा यातला फरक तसाच राहतो. मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा या पॅचला मुंबईच्या दमट हवेपेक्षा जास्त मानवतो, हे मला तरी गमतीचं वाटतं.

काही पॅचना मात्र पाठीला पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. त्यातून पाणी उडत नाही, म्हणून दुसरा गारवा जवळजवळ नसतोच. पाठ बोटाला ओली लागली तर उघडा पॅच, कोरडी आणि गुळगुळीत लागली तर पडद्याचा. पडद्याचा पॅच ओलावा जास्त वेळ धरतो, त्यामुळे तो वाईट नाही; फक्त गारव्यासाठी घेऊ नका.

५. गारवा गेला तरी उतरलेली सूज तशीच राहते का?

काही वेळ राहते. थंडीने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यांच्यातून बाहेर झिरपणारं पाणी कमी होतं आणि पॅचच्या हलक्या दाबानेही थोडं पाणी सरकतं. त्वचा परत कोमट झाली म्हणून ते पाणी लगेच धावत परत येत नाही. पण त्या वेळात आणखी एक गोष्ट घडत असते आणि तिचं श्रेय पॅचला मिळतं.

गेल्या मे महिन्यातली उदगीरची एक नवरी सांगते. आदल्या रात्री हळद, जागरण, रडारड, वर लोणचं-पापडाचं जेवण. सकाळी सातला डोळे भजीसारखे फुगलेले. तिची आई म्हणाली, “ताई, काहीतरी करा, फोटोत असंच दिसेल हो.” मी फ्रीजमधला पॅच काढला, पण मुलीला विचारून मुद्दाम फक्त डाव्या डोळ्याखाली लावला. उजवीकडे काही नाही. तिला खुर्चीत ताठ बसवलं.

सात वाजून वीस मिनिटांनी पॅच काढला तेव्हा डावी बाजू स्पष्ट उतरलेली होती. आई लगेच म्हणाली, “दुसरीकडंही लावा की!” मी थांबायला सांगितलं. आठ वाजता केस सुरू असताना डावी बाजू अजून बरी होती, पण अंतर कमी झालं होतं. साडेनऊला दोन्ही बाजूंत फरक सांगणं मला जमेना, तिच्या आईलाही नाही. रात्रभर आडवं पडल्याने चेहऱ्यात साठलेलं पाणी उभं-बसल्यावर आपोआप खाली उतरतं. पॅचने ते लवकर उतरवलं एवढंच. मुहूर्त साडेअकराचा होता, म्हणजे पॅचशिवायही भागलं असतं. मुहूर्त सकाळी आठचा असता तर मात्र तो पॅच पैसा वसूल ठरला असता.

एका डोळ्यावरची ही चाचणी घरी जरूर करा. दोन्हीकडे लावून आरशात बघितलं की नेहमी फरक पडल्यासारखाच वाटतो.

६. पण कॅफिन असतं ना? सूज त्याच्यामुळे उतरते असं म्हणतात.

कॅफिन रक्तवाहिन्या आकसवतं हे खरं. पण थायलंडमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये डोळ्यांच्या सुजेवर कॅफिनचं जेल आणि तेच जेल कॅफिन न घालता, असं दोन्ही लावून पाहिलं. एकूण निकालात दोन्हींत ठळक फरक निघाला नाही. त्यांचा निष्कर्ष असा, की काम मुख्यतः पाण्याच्या जेलच्या गारव्याने होतं. तो प्रयोग छोटा होता, त्यामुळे कॅफिन निरुपयोगीच असा शिक्का मी मारणार नाही. पण ‘कॅफिनवाला’ म्हणून दुप्पट पैसे मोजायचं कारणही दिसत नाही.

७. वीस मिनिटांत पॅच पातळ होतो. म्हणजे सगळं त्वचेत मुरलं ना?

हा समज डबीवरच्या जाहिरातीनेच पसरवला आहे. एक पॅच गालावर आणि दुसरा स्टीलच्या ताटलीवर ठेवा, दोन्ही त्याच पंख्याखाली. ताटलीवरचाही पातळ होतो. मी तोलला तेव्हा तो १.६ वरून १.४५ वर आला होता, आणि स्टीलने काही सीरम प्यायलं नव्हतं. गालावरचा थोडा जास्त हलका झाला, कारण खालून ऊब मिळाली आणि थोडं सीरम त्वचेवर राहिलं. पातळ होणं म्हणजे मुख्यतः वाळणं.

८. काळी वर्तुळं जातात का?

कुठल्या प्रकारची त्यावर आहे. आरशासमोर खालची त्वचा बोटाने हलकी बाजूला ताणा. तपकिरी रंग तसाच राहिला तर तो रंगद्रव्याचा आहे, आपल्याकडे बहुतेकांचा हाच. निळसर-जांभळी झाक दिसत असेल तर ती पातळ त्वचेतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांची. आणि चेहरा उजेडाकडे वर केल्यावर काळेपणा गायब होत असेल तर ती नुसती खळगीची सावली आहे.

निळसर प्रकार गारव्याने तासभर फिका दिसू शकतो. सावलीवर पॅचचा काही इलाज नाही. तपकिरी रंगावर नायसिनामाइडचा उपयोग होतो, पण ज्या अभ्यासांत फरक दिसला तिथे ते चार-पाच टक्के प्रमाणात, रोज, कित्येक आठवडे लावलं होतं. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं हा त्याचा डोस नव्हे. त्यासाठी साधं क्रीम आणि उन्हात फिरताना सनस्क्रीन हेच बरं.

९. चोवीस कॅरेट सोनं, कोलॅजन, गोगलगायीचा अर्क: यात काही दम आहे?

सोनं चमकतं. यापलीकडे त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं नाही, फक्त काहींना सोन्याची ॲलर्जी असते हे लक्षात ठेवा.

कोलॅजनचा रेणू त्वचेतून आत जायला फार मोठा असतो. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू त्वचा सहसा आत घेत नाही आणि कोलॅजन त्याच्या कैक पट असतं. हायलुरॉनिक ॲसिडचंही तेच. दोन्ही वर बसून पाणी धरतात, त्याने बारीक सुरकुत्या काही तास भरल्यासारख्या दिसतात. खोटं नाही, पण तात्पुरतं. गोगलगायीचा अर्कही ओलावा देणाऱ्यांतलाच समजा.

१०. डबी फ्रीजरमध्ये ठेवली तर जास्त वेळ गार राहील ना? आणि लाईट गेली तर?

फ्रीजर नको. पाण्याचे स्फटिक होतात आणि जेलचं जाळं फाडतात. नंतर वितळला की पॅच एकीकडे आणि पाणी दुसरीकडे, आणि पॅच उचलताना तुटतो. शिवाय गोठलेली वस्तू डोळ्याखालच्या त्वचेला इजा करू शकते. फ्रीजच्या दारातला किंवा भाजीचा कप्पा पुरे.

लाईटचं म्हणाल तर उन्हाळ्यात आमच्याकडे ती कधी जाईल याचा नेम नाही. बंद पाकिटातला पॅच असेल तर ते पाकीट माठातलं पाणी घेतलेल्या वाटीत दहा मिनिटं बुडवा. फ्रीजइतका नाही, पण प्रश्न ३ मधला दुसरा गारवा तुम्हाला तसाही मिळणार आहे. उघडी डबी मात्र पाण्यात ठेवू नका.

नुसता फ्रीजचा गारवाच हवा असेल तर स्टीलचे दोन जाड चमचे थंड करा. ४० ग्रॅमच्या चमच्यात पॅचच्या तिप्पट गारवा साठतो, फक्त तो एका जागी सोसेल इतकाच वेळ टेकवायचा.

११. रात्रभर लावून झोपलं तर? किंवा वापरलेला पॅच परत डबीत?

दोन्ही नको. पंधरा-वीस मिनिटं झाली, कडा वर उचलायला लागल्या की काढा. पूर्ण वाळलेला पॅच त्वचेला चिकटतो, आणि ओढून काढताना ती पातळ त्वचा ताणली जाते. चिकटलाच तर आधी ओला कापूस ठेवा.

वापरलेला पॅच डबीत टाकणं म्हणजे साठ पॅचच्या सीरममध्ये चेहऱ्यावरचे जंतू सोडणं. बोटंही घालू नका, सोबतचा चमचा असतो तो त्यासाठीच. उघड्या डब्याच्या चित्रात ‘६’ किंवा ‘१२’ आकडा असतो, तेवढे महिने उघडल्यानंतर ती चालते.

१२. मेंथॉल असलेला पॅच खूप वेळ गार लागतो. तोच चांगला नाही का?

मेंथॉल त्वचा गार करत नाही. थंडी ओळखणाऱ्या नसांवरचं बटण ते रसायनाने दाबतं. तापमान होतं तिथेच असतं, म्हणून सुजेवर प्रश्न ५ मधला परिणाम त्यातून मिळत नाही. वर डोळ्यांत पाणी येतं आणि आपण डोळे चोळतो, म्हणजे सूज वाढायचीच सोय. पुदिन्याचं तेलही त्यातच आलं.

१३. पॅच लावल्यावर मेकअप घसरतो. काय चुकतं?

ग्लिसरीनचा थर वर राहिलेला असतो. टिश्यूने टिपा, पुसू नका, आणि आठ-दहा मिनिटं जाऊ द्या. मगच कन्सीलर, तोही थोडाच.

१४. घरी चायना ग्रासचे पॅच करता येतात का?

गारव्यापुरते येतात. चायना ग्रास म्हणजे आगर, तेही समुद्री शेवाळातलंच जाळं. दीडशे मिलिलिटर पाण्यात दोन ग्रॅम चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, स्वच्छ ताटात पातळ ओता, बसल्यावर कापा आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा. लिंबू, हळद, कोरफडीचा ताजा गर असलं काही घालू नका. यात टिकवणारं रसायन नाही, म्हणून त्याच दिवशी वापरा आणि उरलेलं टाका. एका डोळ्याखाली हा आणि दुसऱ्याखाली विकतचा लावून बघा. गारव्यात फारसा फरक कळणार नाही. ग्लिसरीन नसल्याने हा लवकर वाळतो आणि ओलावा मागे ठेवत नाही, तेवढा विकतच्याचा वरचष्मा.

१५. मे महिन्यात कुरिअरने आलेली डबी उघडली तर पॅच एकमेकांना चिकटलेले होते. वापरू का?

पार्सल उन्हात गाडीत तापलं असेल तर जेल मऊ पडतं आणि परत बसताना शेजारच्या पॅचला धरून बसतं. नुसते चिकटलेले असतील, वास आणि रंग ठीक असेल तर फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून चमच्याने सोडवून बघा. पॅच विरघळून सीरम घट्ट झालं असेल, आंबूस वास येत असेल किंवा काळे-हिरवे ठिपके दिसले तर परत पाठवा. माझीही एक डबी अशीच आली होती. विकणारा म्हणाला, “मॅडम, हलवून वापरा.” परत करायला तीन आठवडे लागले.

१६. कोणी अजिबात लावू नये?

डोळे आलेले असतील, रांजणवाडी असेल किंवा पापणीवर खाजरी, सोललेली त्वचा असेल तर ते बरं होईपर्यंत नको. मोतीबिंदूचं किंवा डोळ्याचं दुसरं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. थंड पाण्याने अंगावर गांधी उठतात अशांनी फ्रीजमधला पॅच टाळावा. गरोदरपणी रेटिनॉल असलेला पॅच घेऊ नका, यादीत ते नाव शोधा. लेन्स वापरत असाल तर आधी लेन्स काढा, कारण सीरम वर सरकलं तर ते लेन्सखाली अडकतं.

नवीन डबी असेल तर पॅचचा तुकडा कोपराच्या आतल्या बाजूला वीस मिनिटं लावून दोन दिवस वाट बघा.

आणि एक वेगळा प्रकार. दोन्ही डोळे रोज सकाळी सुजतात, दुपारपर्यंत उतरत नाहीत, पायाच्या घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो किंवा लघवीला फेस येतो, असं असेल तर पॅच विकत घेऊ नका. लघवी, क्रिएटिनिन आणि थायरॉइडच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि तीशी-चाळिशीनंतर डोळ्याखाली आलेली पिशवी, जी सकाळी आणि संध्याकाळी सारखीच दिसते, ती बहुतेक पाण्याची नसते, चरबीची असते. ती गारव्याने हलत नाही.